सोळा उपचार, दहा गुण

देवाला किती वेळ द्यावा, हा प्रश्न आमच्या घरात प्रत्येक पिढीला पडला आणि प्रत्येक पिढीनं तो आपापल्या घड्याळावर सोडवला. माझ्या भाचीच्या घड्याळात त्याचं उत्तर सात मिनिटं बारा सेकंद असं आहे. हा आकडा कुठल्या पोथीतला नाही, साधं त्रैराशिक आहे. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत एका पेपरला तीन तास असतात आणि २५० गुण. त्या हिशेबानं दहा गुणांच्या वाट्याला सात मिनिटं बारा सेकंद येतात, आणि शब्द येतात १५०. वाचायचं, विचार करायचा, पेन बंद पडलं तर दुसरं काढायचं, सगळं त्यातच. तिच्या तत्त्वज्ञानाच्या सराव चाचणीत एक प्रश्न आला होता: ‘हिंदू उपासनेतील विधींची भूमिका स्पष्ट करा.’ ज्या गोष्टीवर महामहोपाध्याय काण्यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाची शेकडो पानं खर्ची घातली, ती हिनं शिरूरच्या एका अभ्यासिकेत, पंख्याच्या घरघरीखाली, दीडशे शब्दांत उरकायची. काण्यांचा तो ग्रंथ १९३० साली छापायला लागला आणि १९६२ साली संपला. पण काण्यांवर शब्दमर्यादेचं बंधन नव्हतं.

भाची शिरूरला राहते. जुनी माणसं त्या गावाला अजून घोडनदी म्हणतात. मी दौंडला. मधे न्हावरे आहे, चौफुला आहे, उसाच्या ट्रॉल्या आहेत. त्यामुळे आमचं मामा-भाचीचं नातं हल्ली मोबाइलवरच्या फोटोंवर चालतं. ती वहीच्या पानाचा फोटो पाठवते, मी चष्मा शोधतो. मी मराठीचा निवृत्त मास्तर. उत्तरपत्रिका तपासण्यात आयुष्य गेलं, पण आमच्या काळी दहा गुणांना तीन पानं लिहिण्याची पद्धत होती आणि पानं मोजून गुण देणारे परीक्षकही होते. हिच्या क्लासचा साचा निराळा. प्रस्तावना पंचवीस-तीस शब्दांची, मुख्य भाग नव्वद-शंभर शब्दांचा, आणि उरलेल्यात निष्कर्ष. ‘आणि मामा, निष्कर्ष आशावादी हवा,’ असं तिनं बजावलं. निष्कर्ष आधी ठरवून मग विचाराला बसायचं, हे ऐकून मला आमच्या सत्यनारायणाच्या पोथीची आठवण झाली. तिथंही कथा कुठली का असेना, गलबत शेवटी वर येणार हे ठरलेलंच असतं.

तिचं पहिलं उत्तर सोळा उपचारांनी भरलेलं होतं. आवाहन, आसन, पाद्य, अर्घ्य, आचमन, स्नान, वस्त्र, यज्ञोपवीत, गंध, पुष्प, धूप, दीप, नैवेद्य, प्रदक्षिणा, नमस्कार, मंत्रपुष्प. यादी अचूक होती. पुरुषसूक्ताच्या सोळा ऋचा आणि सोळा उपचार यांची जोडी कशी लावतात, एकेका उपचाराला एकेक ऋचा कशी येते, हेही तिनं कंसात लिहिलं होतं. आणि एवढ्यात तिचे सत्तर शब्द संपले होते. ‘भूमिका’ अजून विंगेतच उभी होती. प्रश्न असा विचारत होता, की हे सगळं करून होतं काय? उत्तर सांगत होतं, की हे सगळं कोणत्या क्रमानं करतात. विद्यार्थी यादीकडे धावतात याचं कारण यादी पाठ होते आणि यादी चुकत नाही. मात्र परीक्षकाला ती वाचताना वाण्याच्या दुकानात उभं राहिल्यासारखं वाटतं: सामान सगळं आहे, स्वयंपाक कुठंच नाही.

मी तिला विचारलं, ‘या सोळा गोष्टी तू आणखी कुणासाठी करतेस?’ ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ‘पाहुण्यांसाठी. या म्हणायचं, बसायला द्यायचं, पाय धुवायला पाणी, प्यायला पाणी, मग जेवण.’ झालं. पाद्य म्हणजे पाय धुवायचं पाणी, अर्घ्य म्हणजे हातावर घालायचं पाणी. सोळाच्या सोळा गोष्टींचं तात्पर्य एका वाक्यात मावतं: जो दिसत नाही, त्याला घरी आलेल्या मोठ्या माणसासारखं वागवायचं. निराकाराशी काय बोलावं ते आपल्याला सुचत नाही. पाहुण्याशी काय बोलावं ते सुचतं. विधी हे पहिलं काम करतो. सत्तर शब्दांचं काम पंधरा शब्दांत झालं आणि पंचावन्न शब्द शिल्लक पडले. काटकसरीचा एवढा आनंद मला पेन्शनच्या पहिल्या महिन्यातही झाला नव्हता.

एक खाच मात्र मी तिला दाखवली. तिनं लिहिलं होतं, की प्रत्येक पूजेत देवाचं आवाहन आणि विसर्जन होतं. तसं होत नाही. भाद्रपदात आपण मातीची मूर्ती आणतो, तिच्यात प्राणप्रतिष्ठा करतो, आणि उत्तरपूजा करून तिला निरोप देतो. तिथं येणं आहे आणि जाणंही आहे. रांजणगावच्या गाभाऱ्यातला महागणपती किंवा घरच्या देव्हाऱ्यातली प्रतिष्ठा केलेली मूर्ती कायमची राहायला आलेली असते. तिला रोज ‘या’ कशाला म्हणायचं? तिथं आवाहनाच्या जागी नुसतं फूल वाहतात. राहत्या माणसाला रोज सकाळी दारात ओवाळून आत घेणारं घर विक्षिप्तच म्हणायचं. ही बारीक गोष्ट उत्तरात लिहायला जागा नसते, पण न चुकण्यासाठी ती ठाऊक असावी लागते.

सोळा हा आकडा काही दगडावरची रेघ नाही, हे मला पुस्तकांच्या आधी वडिलांनी शिकवलं. ते मालगाडीवर गार्ड होते. दौंड म्हणजे तेव्हा सगळा कोळशाचा धूर आणि शिट्ट्या, आणि आमचं रेल्वे क्वार्टर त्या धुराच्या बरोबर वाऱ्याखाली. गार्डाच्या ड्यूटीला वेळ नसे. कॉलबॉय सायकलवरून येई, हाक मारी आणि वहीवर सही घेई. वडिलांची पूजा त्या हाकेच्या मापाची असे. सुटीच्या दिवशी ताम्हनात अभिषेक, सोळा उपचार, आरती, सगळं साग्रसंगीत. ड्यूटी दुपारची असली तर पाचच: गंध, फूल, धूप, दीप, नैवेद्य. आणि आचमन चालू असताना कॉलबॉयची घंटा वाजली, तर एक फूल, एक नमस्कार आणि हिरवा-तांबडा झेंडा काखेत. लहानपणी मला वाटे, की ते देवाला फसवताहेत. पुढं कळलं, की पंचोपचार, दशोपचार, षोडशोपचार अशी मापं शास्त्रानंच करून ठेवलीत. एकाच पूजेचे दीडशे शब्दांत, अडीचशे शब्दांत आणि सविस्तर असे नमुने क्लासवाल्यांच्या किती तरी शतकं आधीपासून तयार होते.

त्याहून मला मौज वाटते ती अक्षतांची. पूजेत सांगितलेली वस्तू घरात नसेल, तर तिच्या जागी अक्षता वाहतात. वस्त्र नाही? वस्त्राबद्दल अक्षता. अलंकार नाहीत, आणि गार्डाच्या पगारात ते नसणारच, तर अलंकारांबद्दल अक्षता. चार तांदळाचे दाणे, कुंकवात लाल केलेले, फक्त तुटके नकोत. त्या दाण्यांनी आमच्या देवाला रेशीम दिलं, मोती दिले, चामर ढाळलं, छत्र धरलं. त्या देव्हाऱ्यातल्या ऐश्वर्याची किंमत काढली, तर एका मुठीतला तांदूळही सगळा खर्च होत नसे. आणि एवढं करून शेवटी क्षमा मागायची: मंत्र नीट आला नाही, कृती नीट झाली नाही, भक्तीही पुरेशी नव्हती, तरी पूर्ण मानून घे. मी जगात दुसरी अशी व्यवस्था पाहिलेली नाही, की जिच्या नियमांतच नियम न पाळता आल्याची सोय आणि माफी, दोन्ही लिहून ठेवलेत. उत्तरपत्रिकेच्या शेवटी असं लिहायची पद्धत पडली, तर किती पोरांचं भलं होईल!

हे सगळं मी भाचीला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, ‘मामा, हे कोणत्या मुद्द्यात बसतं?’ आणि मग जरा थांबून म्हणाली, ‘आजी काय करायची पूजेत?’

पूजेत आजी काहीच करत नसे. म्हणजे माझी आई. मंत्र वडील म्हणत, पळी-पंचपात्र वडिलांच्या हातात, संकल्पात गोत्र वडिलांचं. मात्र पाटावर वडील बसायच्या आधी सहाणेवर गंध उगाळलेलं असे, दूर्वांची जुडी सारखी कापलेली असे, निरांजनात फुलवात तुपात भिजून बसलेली असे. दुपारी निवांत वेळ मिळाला, की ती कापूस पिंजून देवाची वस्त्रं करी. बोटभर कापसाला ठरावीक अंतरावर पीळ देऊन कुंकवाचे ठिपके लावलेली ती माळ म्हणजे आमच्या देवाचा पीतांबर. महिन्यातले चार दिवस ती ओट्यावर बाजूला बसे, तेव्हा देव्हाऱ्याकडे पाहून तिथूनच सांगे, ‘आज वात तिरपी झालीय.’ तिचा हात लागलेला चालत नव्हता आणि तिच्या हाताशिवाय काही चालत नव्हतं. विधी माणसांना जागा नेमून देतो, हे वाक्य भाचीच्या नोट्समध्ये समाजशास्त्राच्या खाली लिहिलेलं होतंच. ती म्हणाली, ‘मग ही टीका झाली. टीका बॉडीत टाकू की शेवटी?’ मी म्हटलं, ‘बॉडीत. शेवटच्या ओळीत टाकलेली टीका म्हणजे पंगत उठल्यावर वाढलेलं मीठ.’

दुसरं उत्तर आलं ते विज्ञानानं ओतप्रोत. घंटानादानं जंतू मरतात, कापरानं हवा शुद्ध होते, प्रदक्षिणेनं रक्ताभिसरण सुधारतं. माझ्या पोटात गोळाच आला. या विधानांचा पुरावा कुणी मागितला तर काय दाखवणार, हा एक भाग झाला. पण समजा ती सगळी खरी निघाली, तरी त्यातून घंटेची भूमिका कळली, उपासनेची नाही. रक्ताभिसरणासाठी देवळाभोवतीच का फिरायचं, एसटी स्टँडभोवती का नको? त्याखालचा परिच्छेद दुसऱ्या टोकाला गेला होता: विधींमुळे मनाला शांती मिळते, समाजात ऐक्य निर्माण होतं, संस्कृती जपली जाते. मी तिला एक कसोटी सांगितली. उत्तरातल्या ‘हिंदू’ शब्दावर बोट ठेवून तो झाकायचा आणि मग उत्तर वाचायचं. ते जपानातल्या चहाच्या समारंभाला किंवा प्रजासत्ताक दिनाच्या संचलनाला तसंच्या तसं लागू पडत असेल, तर ते या प्रश्नाचं उत्तर नव्हे. तिनं बोट ठेवलं. उत्तर संचलनाला चपखल बसलं.

मग हिंदू म्हणून नेमकं वेगळं काय? इथं मीमांसकांची जुनी विभागणी कामाला येते, आणि ती तीन शब्दांत मावते. नित्य म्हणजे रोजचं, संध्येसारखं. ते केल्याचं खास बक्षीस नाही, पण न केल्याचा दोष आहे. नैमित्तिक म्हणजे निमित्त झालं म्हणून करायचं, ग्रहण लागलं की स्नान तसं. काम्य म्हणजे काही हवं म्हणून केलेलं. भाचीला पहिला प्रकार ताबडतोब पटला. अभ्यासिकेची हजेरी अगदी अशीच असते म्हणे. तिसऱ्यासाठी तिला उदाहरण हवं होतं, आणि काशी-रामेश्वराची उदाहरणं क्लासच्या प्रत्येक पोराच्या वहीत होती. मी म्हटलं, भीमा ओलांड.

दौंड तालुक्यातल्या शिरापूरहून पूर्वी होडीनं भीमा ओलांडली, की पलीकडे सिद्धटेक. आता पूल आहे. तालुका कर्जत, जिल्हा अहिल्यानगर, पण गणपती आमच्या दौंडकरांना घरचाच वाटतो. देऊळ टेकडीला लागून आहे, त्यामुळे प्रदक्षिणा घालायची तर अख्ख्या टेकडीला वळसा पडतो. पेशव्यांचे सरदार हरिपंत फडके यांची तिथली आख्यायिका प्रसिद्ध आहे. त्यांचं सेनापतिपद गेलं, तेव्हा त्यांनी इथं येऊन एकवीस दिवस एकवीस-एकवीस प्रदक्षिणा घातल्या, आणि एकविसाव्या दिवशी त्यांना परत बोलावणं आलं. काम्य कर्माचं याहून स्वच्छ उदाहरण मिळणार नाही: मागणी ठरलेली, संख्या ठरलेली, आणि पावती तारखेवर. त्या टेकडीभोवती घातलेल्या शेकडो फेऱ्या मी मनात मोजायला जातो, तेव्हा सरदारांच्या पायांतल्या जोड्यांची मला फार काळजी वाटते. भाचीला वाटत होती ती आणखी निराळ्या कारणानं. ती म्हणाली, ‘यांचंही पोस्टिंगच अडकलं होतं की!’

त्याच रात्री तिचा पुन्हा फोन आला. आवाजात हरवलेली किल्ली सापडल्याचा आनंद. सिद्धटेकची कथा ती वाचत होती: मधु आणि कैटभ या असुरांशी विष्णू लढत राहिले, जय मिळेना, तेव्हा लक्षात आलं की आरंभी गणेशाचं पूजन राहून गेलंय; मग इथं बसून त्यांनी गणेशाची आराधना केली आणि सिद्धी मिळवली. ‘मामा, ही तर आमचीच गोष्ट आहे!’ आमची म्हणजे शिरूर तालुक्यातल्या रांजणगावची. तिथं शंकर त्रिपुरासुराशी लढायला निघाले, गणपतीला नमन करायचं विसरले, जय मिळेना. मग पूजन केलं आणि त्रिपुरासुर पडला. एक देव भीमेच्या काठी विसरला, एक घोडनदीच्या तालुक्यात. मी अर्धं आयुष्य या दोन्ही देवळांच्या वाऱ्या करत आलो, पण दोन्हींच्या कथा एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या. दोन तालुक्यांच्या दोन्ही अंगांना एकच गोष्ट रुतून बसली आहे: सामर्थ्य होतं, शस्त्रं होती, पक्षही न्यायाचा होता, तरी काम अडलं ते एका राहून गेलेल्या नमस्कारासाठी.

आणि गंमत अशी, की विसरणारे विश्वाचे पालक आणि संहारक होते, आणि ज्याला विसरले तो त्यातल्या एकाचा मुलगा. त्रिपुरावर बाण सोडण्याआधी बापानं मुलापुढं हात जोडायचे! इथं विधी काय करतो? तो मोठ्याला क्षणभर खाली वाकवतो. ‘मी करतो’ याच्या आधी एक पायरी बांधतो. ही भूमिका जपानी चहाला लागू पडत असेल-नसेल, पण ती या दोन देवळांच्या दगडांतून आलीय, आणि रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत नवं मशीन सुरू करण्याआधी नारळ फोडणारा सुपरवायझर ती रोज पाळतो. त्याला कुणी मीमांसा विचारू नये. त्याची शिफ्ट चालू आहे.

खरं तर काही पंडितांनी त्याच्या बाजूनंच निकाल दिलाय. फ्रिट्स स्टाल नावाच्या डच विद्वानानं १९७५ साली केरळातल्या पांजाळ गावी झालेलं अग्निचयन अगदी बारकाईनं नोंदवलं, आणि पुढं १९७९ मध्ये थेट असं मांडलं, की विधीला अर्थ नसतो; नियम असतात आणि ते बिनचूक पाळायचे असतात. माझ्या वडिलांना हे पटलं असतं. आचमनाला तळहातावर पाणी किती घ्यावं, तर उडदाचा दाणा बुडेल इतकं. का, ते त्यांनी कधी विचारलं नाही, मोजलं मात्र रोज. आईला पटलं नसतं. तिच्या मते वात तिरपी असणं याला अर्थ होता, आणि तो असा, की आज वात लावणाऱ्याचं घरात लक्ष नाही.

टीकेच्या मुद्द्याला आम्ही दोन संध्याकाळी दिल्या. चोखोबांचं नाव भाचीनं आपणहून घेतलं. ज्याच्या अभंगांत विठ्ठल घरच्यासारखा वावरतो, त्याला देवळाबाहेर उभं राहावं लागलं. आणि ते दार दलितांना उघडावं म्हणून साने गुरुजींना १९४७ साली पंढरपुरात उपोषणाला बसावं लागलं. पाहुणचाराच्या विधीत पाहुण्यापेक्षा राखणदार मोठा झाला, की असं होतं. मग महात्मा फुल्यांवर आलो. सगळ्या वह्यांत एवढंच असतं, की फुल्यांनी कर्मकांडाला विरोध केला. पण फुल्यांनी १८८७ साली सत्यशोधक समाजासाठी मंगलाष्टकांसह पूजाविधींचं पुस्तक स्वतः लिहून काढलं. मधला भटजी वजा केला, पण विधी वजा केला नाही. लग्नाला, वास्तुशांतीला, माणूस गेल्यावर माणसांना काहीतरी करायचं असतं, नुसतं पटवून घेऊन त्यांचं भागत नाही, हे त्या कडक माणसाला उमगलं होतं. हे लिहिलं, की टीकाही होते आणि भूमिकाही सिद्ध होते. एका ओळीत दोन्ही. एवढी स्वस्त ओळ दीडशे शब्दांच्या बाजारात दुसरी नाही.

शेवटी पानाचा जो फोटो आला, तो इथं उतरवून देतो. अक्षर तिचं, ओढाताण दोघांची.

‘हिंदू उपासनेतील विधी म्हणजे संकल्प करून, ठरलेल्या क्रमाने केलेली कृती. षोडशोपचार पूजेत देवाला पाहुण्याप्रमाणे आसन, स्नान, नैवेद्य दिला जातो. अमूर्ताशी नाते जोडणे हे विधीचे पहिले कार्य होय.

विधी काळाला आकार देतो: संध्या नित्य, ग्रहणस्नान नैमित्तिक, नवस काम्य. तो अहंकाराला आवर घालतो: रांजणगावच्या कथेत शिव व सिद्धटेकच्या कथेत विष्णू गणेशपूजन विसरल्याने अडतात. तो समूह घडवतो: तुकोबांच्या पालखीसाठी यवत गावाने रांधलेली पिठलं-भाकरी मंत्राविना विधी ठरते.

मात्र तोच विधी भिंतही होतो. चोखोबा देवळाबाहेर राहिले. घरातील स्त्रीने तयारी करायची, पूजा पुरुषाने. संतांनी नामाला अग्रस्थान दिले. महात्मा फुल्यांनी १८८७ मध्ये पुरोहिताविना पूजाविधी रचला. म्हणजे विधीची गरज मान्य करून मक्तेदारी नाकारली.

परंपरेनेही लवचीकता राखली आहे. सोळा उपचार पाचांवर येतात, नसलेल्या वस्तूऐवजी अक्षता चालतात, अखेरीस उणिवांची क्षमा मागितली जाते. विधी भक्तीची जागा घेत नाही. भक्ती आटलेल्या दिवशीही तो माणसाला देवापुढे बसवतो.’

शब्द मी मोजले. मर्यादेच्या आत बसतात, असं तिचं आणि माझं दोघांचंही म्हणणं आहे. जोडशब्द एक धरायचा की दोन, यावर मात्र आमचं अजून एकमत नाही. यवतचं वाक्य तिचं. पालखी यवतला मुक्कामाला असते, तेव्हा तिथली पिठलं-भाकरी ती मैत्रिणींबरोबर खाऊन आली होती, आणि पिठल्याची चव पुरावा म्हणून चालते की नाही, यावर तिला वाद नको होता. आजीचं वाक्यही तिचंच. मी सुचवलं होतं, की ते जरा मोघम कर, ‘स्त्रियांना मर्यादित स्थान’ असं काहीतरी. तिनं ते केलं नाही. निष्कर्ष आशावादी आहे का, असं मी भीत भीत विचारलं. ती म्हणाली, ‘भक्ती आटलेल्या दिवसाचा उल्लेख आहे. थोडा निराशावादी आहे, पण मला त्या दिवशीही अभ्यासिकेत बसावं लागतं.’

आठ दिवसांनी चाचणी तपासून आली. दहापैकी साडेचार. मी मनातून इतका दुखावलो, की त्या परीक्षकाच्या नावानं संकल्प सोडायचं बाकी ठेवलं. भाचीनं समजूत घातली, की इथं साडेचार म्हणजे चांगले गुण, पाचाच्या वर क्वचितच कुणी जातं. समासात लाल शाईनं दोन शेरे होते. रांजणगाव-सिद्धटेकच्या ओळीशेजारी ‘उदाहरणे छान’, आणि निष्कर्षाखाली ‘अधिक आशावादी हवा’. अक्षतांच्या वाक्याखाली नुसती एक रेघ होती. ती पसंतीची की शंकेची, हे सांगायला तपासणाऱ्यापाशीही बहुधा सात मिनिटं बारा सेकंदांपेक्षा जास्त वेळ नसावा. मी अजून त्या रेघेचा अर्थ लावत बसलो होतो, तेवढ्यात पुढच्या पानाचा फोटो आला. प्रश्न मोक्षाचा आहे. पंधरा गुण, अडीचशे शब्द, आणि उद्या सकाळी नऊपर्यंत.